सहा पूर्णांक सदुसष्ट

(एका विज्ञानमंडळात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचं नाव बरंच लांबलचक छापलंय. मी मात्र आज एकाच आकड्याबद्दल बोलणार आहे: ६.६७. न्यूट्रॉनच्या ऊर्जेचा आकडा, इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये. माझी नोकरीची सगळी वर्षं अणुभट्टीच्या गाभ्याची गणितं करण्यात गेली, आणि त्यातला फार मोठा वाटा या एका आकड्यानं खाल्ला.

आधी एक प्रयोग डोळ्यांसमोर आणू. दहा मीटर लांबीची एक पोकळ नळी आहे. तिच्या एका टोकाला न्यूट्रॉन सोडणारं यंत्र आहे, ते क्षणभर उघडतं आणि मिटतं. दुसऱ्या टोकाला न्यूट्रॉन मोजणारं उपकरण आहे. सगळे न्यूट्रॉन एकदम सुटतात, पण वेगवान आधी पोचतात, मंद मागून येतात, त्यामुळे पोचायच्या वेळेवरून प्रत्येकाची ऊर्जा कळते. ५.५ इलेक्ट्रॉन व्होल्टचा न्यूट्रॉन ही नळी सुमारे ३०८ मायक्रोसेकंदांत पार करतो. ६.६७ वाला २८० मायक्रोसेकंदांत. फरक फक्त २८ मायक्रोसेकंदांचा.

आता वाटेत युरेनियम धातूचा एक पत्रा धरा, एक दशांश मिलिमीटर जाडीचा, म्हणजे वहीच्या कागदाइतका. ५.५ वाल्या शंभर न्यूट्रॉनांपैकी नव्व्याण्णव जण तो पत्रा नसल्यासारखे पलीकडे जातात. ६.६७ वाल्या शंभरांपैकी दोन-तीन पोचतात. पत्रा तोच, न्यूट्रॉनही तेच, ऊर्जेत सव्वा इलेक्ट्रॉन व्होल्टचाही फरक नाही. तरी एकाला तो पत्रा काचेसारखा आणि दुसऱ्याला शिशाच्या दारासारखा.

हे करणारा आहे युरेनियम-२३८. खाणीतून येणाऱ्या युरेनियमचा ९९.३ टक्के भाग त्याचाच असतो. मंद न्यूट्रॉननं फुटणारा, आपल्या कामाचा युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के.

न्यूट्रॉन अणुकेंद्राच्या तावडीत सापडण्याची शक्यता आपण क्षेत्रफळात मोजतो. त्याला परिभाषेत काटछेद म्हणतात, आणि त्याचं एकक बार्न. बार्न म्हणजे धान्याचं कोठार. हे नाव अमेरिकेत युद्धकाळात थट्टेत पडलं, कारण अणुकेंद्राच्या हिशेबात १०⁻²⁴ चौरस सेंटिमीटर म्हणजे कोठाराएवढंच मोठं लक्ष्य. अगदी मंदावलेल्या, ०.०२५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या न्यूट्रॉनला गिळण्याचा २३८चा काटछेद २.७ बार्न आहे. आणि ६.६७ वर? अणुकेंद्र अगदी स्थिर धरलं तर एकूण काटछेद सुमारे चोवीस हजार बार्न. आलेख काढला तर शेताच्या मधोमध सुई रोवल्यासारखा दिसतो. या सुईला आम्ही रेझोनन्स म्हणतो. अनुस्पंदन असा चांगला शब्द आहे, पण ऑफिसात तो कुणाच्या तोंडी ऐकला नाही, म्हणून मीही रेझोनन्सच म्हणणार.

सुई का, हे समजावताना पुस्तकांमध्ये झोपाळा येतो. योग्य वेळी धक्का दिला की झोका उंच जातो, वगैरे. मला तो दाखला कधी पटला नाही. इथे कोणी कोणाला पुन्हापुन्हा धक्के देत नाही. न्यूट्रॉन एकदाच येतो.

त्याऐवजी असं बघा. न्यूट्रॉन २३८च्या केंद्रात शिरला की २३९ तयार होतो. न्यूट्रॉन नुसता आत आला, स्वतःची ऊर्जा शून्य असली, तरी बांधला जाताना ४.८ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट मोकळे होतात. म्हणजे नवं केंद्र जन्मतःच तेवढ्या ऊर्जेनं खवळलेलं असतं. पण केंद्राला वाटेल तेवढी ऊर्जा घेऊन नांदता येत नाही. त्याच्या ठरलेल्या पातळ्या असतात.

या ४.८ दशलक्षांचा आपण दोनशे किलोमीटरचा रस्ता करू, ढोबळ मानानं पुणे ते कोल्हापूर. रस्त्यावर जिथे जिथे केंद्राची पातळी आहे तिथे चुन्याची रेघ मारलेली आहे. पुण्यातून निघालात की पहिल्या रेघा किलोमीटरभराच्या अंतरानं भेटतात. पुढे त्या दाटत जातात, कारण दोनशे एकोणचाळीस कणांनी ऊर्जा आपापसांत वाटून घ्यायचे प्रकार वाढत जातात. कोल्हापूरच्या वेशीशी आलात की हातभर अंतरावर एकेक रेघ आहे, आणि प्रत्येक रेघ फक्त मिलिमीटरभर जाड. न्यूट्रॉन स्वतःची जी किरकोळ ऊर्जा घेऊन येतो ती म्हणजे वेशीपासून पुढे टाकलेली काही बोटं. त्याचं बोट रेघेवर पडलं तर केंद्र त्याला घरचा समजून आत घेतं. दोन रेघांच्या मध्ये पडलं तर तो बाहेरून घासून निघून जातो. ६.६७ म्हणजे वेशीपलीकडची पहिली मोठी रेघ. पुढच्या २०.९ वर, ३६.७ वर, ६६ वर, आणि अशा शेकडो.

आता रेघ मिलिमीटरभरच का? कारण आत गेलेला न्यूट्रॉन तिथे बराच काळ राहतो. ६.६७ वाल्या रेझोनन्सची रुंदी ०.०२४५ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, आणि रुंदी व आयुष्य यांचं नातं व्यस्त असतं. या रुंदीवरून आयुष्य निघतं सुमारे २.७ × १०⁻¹⁴ सेकंद. ऐकायला काहीच नाही. पण हा न्यूट्रॉन सेकंदाला ३५.७ किलोमीटर वेगानं येतोय, त्या वेगानं केंद्राइतकं अंतर कापायला जो वेळ लागला असता त्याच्या हे आयुष्य साठ हजार पट आहे. म्हणजे न्यूट्रॉन केंद्रातून आरपार जात नाही. आत जातो, आपली ऊर्जा सगळ्यांत वाटून टाकतो, आणि मग बाहेर पडायला पुरेशी ऊर्जा पुन्हा एकाच कणाकडे जमा होईपर्यंत वाट पाहावी लागते. त्या आधीच शंभरातल्या चौऱ्याण्णव वेळा केंद्र गॅमा किरण सोडून निवांत होतं, आणि न्यूट्रॉन कायमचा अडकतो. हे चित्र नील्स बोर यांनी १९३६ साली मांडलं. त्याच वर्षी ब्राइट आणि विग्नर यांनी सुईच्या आकाराचं सूत्र दिलं, ते आजही वापरात आहे.

बोर यांचं नाव आलं म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. फेब्रुवारी १९३९, प्रिन्स्टन. केंद्र फुटतं ही बातमी नुकती आलेली. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज प्लाचेक बोर यांना डिवचतात: युरेनियम मंद न्यूट्रॉननंही फुटतं आणि वेगवान न्यूट्रॉननंही, पण मधल्या पंचवीसेक इलेक्ट्रॉन व्होल्टच्या रेझोनन्सला नुसतं गिळणं वाढतं, फुटणं वाढत नाही. हे कसं जुळवणार? या खोचक प्रश्नातून बोर यांना उलगडलं की गिळणारा वेगळा आणि मंद न्यूट्रॉननं फुटणारा वेगळा. गिळतो २३८, फुटतो दुर्मीळ २३५. म्हणजे २३५ची भूमिका लक्षात आली तीच मुळी या सुयांमुळे.

आता भट्टीत येऊ. फुटताना बाहेर पडणारा न्यूट्रॉन वीस लाखांच्या आसपास इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो. त्याला २३५साठी कामाचा बनवायचा तर ०.०२५ पर्यंत खाली आणायला हवा. म्हणजे जिना उतरायचा, आणि मधल्या बऱ्याच पायऱ्यांवर सुया रोवलेल्या. प्रश्न एवढाच की किती जण सुयांवर पाय न पडता खाली पोचतात. या प्रमाणाला आम्ही p म्हणतो.

जिना कसा उतरायचा हे मंदायकावर, म्हणजे न्यूट्रॉनला मंद करणाऱ्या पदार्थावर, अवलंबून. जड पाण्यातल्या ड्यूटेरियमला आपटला की न्यूट्रॉनची ऊर्जा मूळच्या एक नवमांशापासून पूर्णपर्यंत कुठेही येऊ शकते, सगळीकडे सारख्याच शक्यतेनं. म्हणजे आठ इलेक्ट्रॉन व्होल्टवर असलेला न्यूट्रॉन पुढच्या एका टकरीनंतर ०.९ ते ८ मध्ये कुठेही उतरेल. सात व्होल्टांच्या या पट्ट्यात सुईभोवतीचा धोक्याचा भाग अर्ध्या व्होल्टचा धरला तर त्यात पाय पडण्याची शक्यता सातेक टक्के. उडी मोठी, म्हणून सुई ओलांडली जाते. हाच न्यूट्रॉन युरेनियमवरच आपटत राहिला तर एका टकरीत त्याची ऊर्जा जास्तीत जास्त १.७ टक्के कमी होते. म्हणजे आठापासून निघाला तर मुंगीच्या पावलानं, न चुकता, सुईवरच जाऊन बसणार.

यातून पहिला धडा मिळाला तो फर्मी आणि झिलार्ड यांना. नैसर्गिक युरेनियम आणि ग्रॅफाइट यांची पूड एकजीव कालवली तर कितीही प्रमाण बदला, गुणक, म्हणजे एका न्यूट्रॉनमागे पुढच्या पिढीत किती न्यूट्रॉन उरतात तो आकडा, ०.८५च्या वर सरकत नाही. फुटण्याची शृंखला टिकायला तो किमान १ हवा. पण तेच युरेनियम, तेच ग्रॅफाइट, फक्त युरेनियमचे गोळे करून ग्रॅफाइटमध्ये अंतराअंतरावर ठेवले की गुणक एकच्या पुढे जातो. शिकागोला २ डिसेंबर १९४२ रोजी पहिली भट्टी चालली ती अशी. माल बदलला नाही, मांडणी बदलली.

हे का घडतं याचं उत्तर कागदाएवढ्या त्या पत्र्यात आहे. युरेनियम ऑक्साइडच्या इंधन-गोळीत, खोलीच्या तापमानाला, ६.६७ चा न्यूट्रॉन सरासरी सहा शतांश मिलिमीटर जातो आणि संपतो. म्हणजे ती ऊर्जा घेऊन जो न्यूट्रॉन बाहेरून गोळीपाशी येतो, तो सालीतच मरतो. गोळी बारा मिलिमीटर व्यासाची असली तर आतल्या सगळ्या २३८ला त्या ऊर्जेचा न्यूट्रॉन दिसतच नाही. बाहेरच्यांनी आतल्यांवर सावली धरलेली असते. तेच ०.०२५ च्या न्यूट्रॉनला २३८ गिळणार म्हटलं तर सरासरी सोळा सेंटिमीटर जावं लागतं, म्हणून तो गोळीत खोलवर जाऊन २३५ शोधू शकतो. गोळा करण्यानं आपण काय साधतो? न्यूट्रॉनला सुयांच्या पट्ट्यातून जात असताना मंदायकात ठेवतो आणि युरेनियमला स्वतःच्याच सावलीत बसवतो.

तारापूरला समुद्राकाठी ज्या ५४० मेगावॅटच्या दोन जड पाण्याच्या भट्ट्या आहेत, त्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात. समृद्ध केलेलं इंधन नाही. त्यांचा हिशेब मुळातच काठावरचा, म्हणून सावलीची किंमत तिथे कळते. गोळ्या भरलेल्या सदतीस कांड्यांचा जुडगा, जुडगे नळीत, आणि दोन नळ्यांच्या मधल्या अंतरात जड पाणी भरपूर. जुडग्यातल्या कांड्या एकमेकींवरही सावली धरतात: एका कांडीतून निघालेला न्यूट्रॉन पाण्याला न भेटता शेजारणीत शिरतो. म्हणून रेझोनन्सच्या दृष्टीनं अख्खा जुडगा हा एक मोठा गोळाच.

आता माझी फजिती सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला असाच एक जुडगा दिला आणि गुणक काढायला सांगितलं. मी मोठ्या तोऱ्यात काटछेदांच्या कोष्टकातून २३८च्या सगळ्या सुयांची बेरीज उचलली. प्रत्येक ऊर्जेच्या वाट्याला न्यूट्रॉन सारखे येतात असं धरून काढलेली ही बेरीज सुमारे २७५ बार्न भरते. ती सूत्रात घातली आणि गुणक आला ०.२७. मी ते दोनदा तपासलं, आकडेमोड बिनचूक होती. साहेबांकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अहो, रावतभाट्याची भट्टी कालच बघून आलो मी. चालत होती की."

चूक काय होती? २७५ हा आकडा खरा आहे, पण एकटा-दुकटा अणू हवेत तरंगत असेल तेव्हाचा. गोळीत सुईच्या टोकाशी न्यूट्रॉन उरलेलेच नसतात, त्यामुळे टोकाच्या चोवीस हजारांना किंमत शून्य. मोठ्या संख्येला न्यूट्रॉनच मिळत नाहीत आणि मी दोघांचा गुणाकार सरळ सरासऱ्यांनी केला होता.

खरा आकडा किती, हे स्वीडनमध्ये एरिक हेलस्ट्रँड यांनी १९५०च्या दशकात स्टॉकहोमच्या आर-वन भट्टीत वेगवेगळ्या जाडीच्या कांड्या ठेवून मोजलं. ऑक्साइडच्या सुट्या कांडीसाठी त्यांचं सूत्र असं:

RI = 4.15 + 26.6 √(S/M)

RI म्हणजे सुयांची तीच बेरीज, S म्हणजे पृष्ठभाग चौरस सेंटिमीटरमध्ये, M वस्तुमान ग्रॅममध्ये, उत्तर बार्नमध्ये. याचा घाट बघा. दुसरं पद सालीचं आहे, पृष्ठभाग जितका जास्त तितकं गिळणं जास्त. पहिलं पद आतल्यांचं, सुयांच्या मधल्या उताराचं. १.२ सेंटिमीटर व्यासाची, १०.४ घनतेची कांडी घेतली तर S/M येतो ०.३२, त्याचं वर्गमूळ ०.५७, आणि उत्तर साधारण १९ बार्न. २७५ नव्हे, १९. म्हणजे चौदा-पंधरा पट फरक, आणि p मध्ये तो घातांकात बसतो. ०.९ असायला हवं तिथे माझं ०.२२ झालं होतं. तेव्हापासून कुणी सरासरी काटछेद म्हणून आकडा पुढे केला की मी आधी विचारतो, कशाची सरासरी, कोणत्या जाडीत?

इथपर्यंत अणू स्थिर आहेत असं आपण गृहीत धरलं. ते नसतात. खोलीच्या तापमानाला युरेनियमचा अणू एका दिशेत साधारण सेकंदाला शंभर मीटर वेगानं थरथरत असतो. न्यूट्रॉन येतोय ३५,७०० मीटरनं, तर शंभराची काय पत्रास, असं वाटेल. गणित करा. वेगात साडेतीनशेव्या हिश्शाचा फरक पडला की ऊर्जेत त्याच्या दुप्पट, म्हणजे ०.०३८ इलेक्ट्रॉन व्होल्ट. आणि सुईची स्वतःची रुंदी होती ०.०२४५. थरथर सुईहून मोठी निघाली! सामोरा येणारा अणू न्यूट्रॉनला वेगवान समजतो, दूर पळणारा मंद समजतो, आणि सगळ्यांची मिळून सुई पसरते. चोवीस हजारांचं टोक खोलीच्या तापमानालाच साडेसात हजारांवर येतं. इंधन १२०० केल्व्हिनवर गेलं की थरथर दुप्पट, आणि टोक सव्वाचार हजारांच्या आसपास. रेल्वेच्या शिट्टीचा जो डॉप्लर आपण शाळेत शिकलो, तोच हा.

आता इथे नेहमी एक जण हात वर करतो, आणि बरोबरच करतो. सुई बुटकी झाली तेवढीच रुंद झाली, खालचं क्षेत्रफळ तेच राहिलं. मग तापल्यावर गिळणं वाढतं असं तुम्ही का म्हणता?

हवेतल्या एकट्या अणूसाठी खरंच वाढत नाही. गोळीत वाढतं. शेताच्या वाटेवर कुणी दहा फूट उंच पण दोन हात लांब भिंत घातली असेल, तर गुरं तिच्या बाजूनं आत शिरतात. वरचे पाच फूट काढून तेच दगड बाजूला रचले, तर भिंत पाचच फुटांची, पण गुरांना तीही पुष्कळ. आणि आता आडवलेली जागा दुप्पट. वरचे दगड आधी फुकटच गेले होते. गोळीत तसंच. टोकाशी काटछेद साडेसात हजार असो वा सव्वाचार हजार, न्यूट्रॉन सालीतच संपणार, फक्त सहा शतांशाऐवजी एक दशांश मिलिमीटरवर. पण टोकापासून ०.१५ व्होल्ट बाजूला बघा. थंड इंधनात तिथे सुमारे दोनशे बार्न होते, न्यूट्रॉन दोन-अडीच मिलिमीटर आत जाऊ शकत होता. १२०० केल्व्हिनला तिथे आठशेच्या वर होतात, आणि तो अर्ध्या मिलिमीटरात सापडतो. मधे तोटा नाही, कडेला नफा. नफा २३८चा, तोटा शृंखलेचा.

किती? मोजमापांवरून बसवलेला नियम तापमानाच्या वर्गमूळाचा आहे. ३०० वरून १२०० केल्व्हिनला गेलो तर आपल्या कांडीचे १९ बार्न साधारण पावणेबावीस होतात, म्हणजे तेराएक टक्के वाढ. p जर ०.९ असेल तर तो ०.८८८ वर येतो. सव्वा टक्क्याची घट. क्षुल्लक वाटते, पण भट्टीच्या हिशेबात दुसरा एक आकडा शेजारी ठेवा. फुटल्यानंतर उशिरा बाहेर येणारे न्यूट्रॉन, ज्यांच्यामुळे भट्टी माणसाच्या हातात राहते, ते २३५साठी ०.६५ टक्क्यांच्या आसपास असतात. डॉप्लरनं खाल्लेला वाटा त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे.

आणि तो तत्काळ खाल्ला जातो. हा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. भट्टीची शक्ती अचानक उसळली तर पाणी तापायला, विरळ व्हायला वेळ लागतो, उष्णतेला गोळीतून बाहेर यायलाच काही सेकंद हवेत. फुटण्याची उष्णता मात्र गोळीतच पैदा होते, त्याच अणूंमध्ये ज्यांना थरथरायचंय. मधे कोणी दलाल नाही. अमेरिकेत आर्कान्सॉ राज्यात सेफॉर नावाची सोडियमनं थंड होणारी, वेगवान न्यूट्रॉनांवर चालणारी एक छोटी भट्टी १९६९ ते १९७२ चालली, तिचं काम मुख्यतः एवढंच तपासणं. तिला मुद्दाम उशिराच्या न्यूट्रॉनांच्या हद्दीपलीकडे ढकललं, शक्ती उसळली, आणि इंधन तापताच डॉप्लरनं ती उसळी मोडली, नियंत्रक दांड्यांची वाट न पाहता. तिथल्या सुया वेगळ्या, हजारो व्होल्टांपर्यंतच्या, पण यंत्रणा हीच.

याची एक मर्यादा जड पाण्याच्या भट्टीवाल्यांनी विसरू नये. २३८नं गिळलेला न्यूट्रॉन वाया जात नाही, काही दिवसांत त्याचं प्लुटोनियम-२३९ होतं. त्याची स्वतःची एक सुई आहे ०.३ व्होल्टवर, आणि ती मुख्यतः फुटण्याची. इंधन तापलं की मंद न्यूट्रॉनांची ऊर्जाही थोडी वर सरकते, त्या सुईकडे. म्हणजे ताज्या इंधनात तापमान वाढलं की शृंखला जितकी दबते, तितकी जळत आलेल्या इंधनात दबत नाही. ताज्या गाभ्याचा आकडा घेऊन वर्षभरानंतरच्या गाभ्याची खात्री देणारा कागद माझ्याकडे सहीला आला की मी परत पाठवत असे.

शेवटी एक चित्र. साध्या पाण्याच्या भट्टीतून बराच काळ जळून निघालेली गोळी, भिंतीआडून यंत्राच्या हातांनी कापलेली, घासून चकचकीत केलेली, सूक्ष्मदर्शकाखाली. मधला सगळा भाग नेहमीच्या रवाळ ऑक्साइडचा. पण कडेनं एक दशांश ते दोन दशांश मिलिमीटरची एक किनार, लुगड्याच्या काठासारखी वेगळी उठून दिसते. रवे फुटून पीठ झालेले, त्यात बारीक बारीक भोकं, वायूनं भरलेली. तिथे इंधन मधल्यापेक्षा दुपटीहून जास्त जळालेलं असतं, कारण २३८नं सालीत न्यूट्रॉन गिळले, तिथे प्लुटोनियम साठलं, आणि ते तिथेच फुटलं. पहिल्यांदा ही काप पाहिली तेव्हा मी किनारीची जाडी मोजायला लागलो, आणि मग लक्षात आलं की हा आकडा आपण कागदावर कैक वेळा काढलाय.